सत्तेचाळीस नंबर

एका रविवारी दुपारी मी माझी सगळी प्रमाणपत्रं पलंगावर मांडली. सतरा होती. तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानातून रंगीत छापून आणलेली, सोनेरी किनारीची, प्रत्येकावर एकाच वळणाच्या तिरक्या अक्षरात माझं नाव. खिडकीतून आत आलेलं हिवाळ्यातलं ऊन एकेका कागदावरून सरकत चाललं होतं आणि मला वाटत होतं, हे ऊन तरी कुठल्या एका कागदावर थोडं जास्त रेंगाळेल, कुठे तरी अडेल, एखाद्या कोपऱ्यात त्याला माझा हात लागल्याची खूण सापडेल.

ऊन कुठेच अडलं नाही.

चार महिन्यांत मी एकतीस ठिकाणी अर्ज केले होते. प्रत्येक अर्जात ही सतरा नावं एकाखाली एक लिहिलेली होती, आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, लपवावी तशी एक ओळ: दूध संस्था, लिपिक, नऊ वर्षं. दोन ठिकाणांहून नकार आला. बाकीच्यांकडून काहीच आलं नाही.

त्या दुपारी मी एकेक कागद उचलून आठवायला लागले की हा शिकताना मी काय केलं होतं. प्रत्येक अभ्यासक्रमाच्या शेवटी एक सराव असायचा. कामांची यादी करणारं पान. हवामान दाखवणारं पान. एका नसलेल्या दुकानातले नसलेले ग्राहक. मी ते सगळे मन लावून केले होते, रात्री अकरानंतर, घर झोपल्यावर, जुन्या लॅपटॉपच्या पंख्याच्या घरघरीत. पण मी हात लावायच्या आधीच ते पुरे झालेले असायचे. अडलं तर उत्तर पुढच्या व्हिडिओत असायचं. त्या दुकानात कुणी पावसात भिजत उशिरा आलं नव्हतं, कुणी गाईचं आणि म्हशीचं एकदम आणलं नव्हतं, कुणी काउंटरवर कोपर टेकून विचारलं नव्हतं, "पोरी, आज किती लागली गं फॅट?"

आणि त्याच लॅपटॉपमध्ये, `dairy` नावाच्या एका फोल्डरमध्ये, एक प्रोग्रॅम होता. चौदा महिने तो रोज पहाटे आणि रोज संध्याकाळी चालत होता. त्याचा उल्लेख एकतीसपैकी एकाही अर्जात नव्हता. तो मला कोणी शिकवलेला नव्हता, म्हणून तो शिकण्यात धरायचा असतो हेच माझ्या ध्यानात आलं नव्हतं. घरच्या भाकरीला कुणी पदार्थ म्हणत नाही, तसं.

पहाटे साडेपाचला आमच्या संस्थेच्या पत्र्याच्या शेडमध्ये पिवळा बल्ब लागतो. बाहेर अजून निळसर अंधार, ओल्या शेणाचा, कडब्याचा आणि कोमट दुधाचा मिसळलेला वास, किटल्यांच्या कड्यांचा किणकिणाट, आणि रांगेतल्या माणसांच्या तोंडून निघणारी वाफ. आमच्याकडे माणसाला नाव असतं ते गावात. शेडमध्ये आलं की त्याचा नंबर होतो. एकशे बारा, नव्वद, सत्तेचाळीस. किटली काट्यावर, काट्यावरून लिटर. मग चमचाभर दूध फॅट मशीनच्या नळीत, आणि मशीन थोडा वेळ गुणगुणून दोन आकडे सांगणार. एक फॅटचा, एक एसएनएफचा, म्हणजे दुधातलं पाणी आणि फॅट सोडून जे उरतं त्याचा. अण्णा, माझे वडील, याच खुर्चीवर बसायचे तेव्हा हे मशीन नव्हतं. तेव्हा काचेच्या नळीत ॲसिड आणि दूध घालून ती फिरवायची, आणि वर तरंगून आलेली फॅटची पिवळी रेघ डोळ्याजवळ धरून वाचायची. त्यांच्या शर्टाच्या बाहीवर ॲसिडने पडलेली बारीक भोकं असायची. लहानपणी मला ती चांदण्यांसारखी वाटायची.

दोन आकडे मिळाले की भाव. गाईच्या दुधाचा आमचा त्या वेळचा तक्ता असा: फॅट 3.5 आणि एसएनएफ 8.5 असेल तर लिटरला 34 रुपये. दोन्हींपैकी काहीही एका पॉइंटने, म्हणजे एका दशांशाने, घसरलं तर 30 पैसे वजा. हा तक्ता भिंतीवर चिकटवलेला होता, उभी फॅट, आडवी एसएनएफ, दुधाच्या हातांनी कडा मऊ झालेल्या. दर दहा दिवसांनी 212 सभासदांची बिलं. प्रत्येकाच्या वीस वेळा, वीस गुणाकार, मग बेरीज, मग पेंडीची उचल वजा, मग सही. दीड दिवस जायचा. डोळे मिटले तरी आकडे पापण्यांच्या आत चालत राहायचे.

मी प्रोग्रॅम लिहायला घेतला तो या दीड दिवसासाठी. नोकरी बदलण्याचा विचार तेव्हा मनाच्या परसात कुठे तरी होता, अंगणात आलेला नव्हता.

पहिल्या सकाळी कागद आणि लॅपटॉप शेजारी शेजारी ठेवले. वही नेहमीसारखी लिहायची आणि तेच आकडे प्रोग्रॅमलाही द्यायचे, दोन बिलं होईपर्यंत, असं मी ठरवलं होतं. घरी तपासताना सगळं बरोबर येत होतं. 3.5 देऊन पाहिला होता, 3.6, 3.7, 4.0. पहिले आठ सभासद सुरळीत गेले. मग सत्तेचाळीस नंबर आल्या. एकच गाय असलेल्या, आम्ही सगळे ज्यांना आत्या म्हणतो अशा. पावसाळ्याचे दिवस, बांधावरचं कोवळं हिरवं गवत पोटभर. अशा चाऱ्यावर दूध वाढतं आणि फॅट उतरते. मशीन गुणगुणलं. फॅट 3.3, एसएनएफ 8.3, साडेचार लिटर. मी आकडे टाकले आणि पडद्यावर लाल अक्षरं उमटली.

```
KeyError: 3.3
```

म्हणजे, तक्त्यात 3.3 नाही.

मी मान वर करून भिंतीकडे पाहिलं. भिंतीवरच्या तक्त्यात 3.3 होता. आत्या माझ्याकडे पाहत होत्या, पदराचं टोक डोक्यावर, किटली कमरेवर. "काय झालं गं? आमचं दूध घेत न्हाई का ते?" मी वहीत लिहिलं, हसून त्यांना पाठवलं, पण दिवसभर ते वाक्य माझ्या कानात कुठे तरी ओलं राहिलं. बाकी आठ जणांचं दूध घेणाऱ्या यंत्राने नेमकी एका गाईवाल्या बाईची किटली परत केली होती.

रात्री बसले. 3.4 दिला, तोही नाही. 3.5 आहे. 3.6, 3.7 आहेत. 3.8 नाही, 3.9 नाही. 4.0 आहे. जणू कुणी लहर लागेल तशी पानं फाडली होती. दोन रात्री मी चूक तक्त्याच्या भावांमध्ये शोधत राहिले. तिसऱ्या रात्री तक्ता ज्या ओळीने बांधला होता तीच ओळ एकटी चालवून पाहिली. मी हाताने सगळी फॅट लिहिण्याऐवजी 30 पासून पुढचे पूर्णांक घेऊन त्यांना 0.1 ने गुणत गेले होते.

```
>>> 33 * 0.1
3.3000000000000003
>>> 35 * 0.1
3.5
```

त्या लांबलचक शून्यांच्या टोकाला बसलेला तो एकटा तीन मी किती तरी वेळ पाहत राहिले. संगणक आकडे दोनाच्या पटीत मोडून ठेवतो, आणि दोनाच्या पटीत एक दशांश पूर्ण मांडता येत नाही. आपल्याला जसा एक तृतीयांश दशांशात मांडता येत नाही, 0.333 लिहीत जावं आणि शेवटी कुठे तरी थांबावं, तसंच. तो थांबतो आणि जरासा उरतो. त्या उरलेल्याला दहाने, तेहतीसने गुणलं की कधी तो पुसला जातो, कधी दिसू लागतो. टाइप केलेला 3.3 आणि गुणाकारातून आलेला 3.3 यांच्यात केसाएवढं अंतर पडलं होतं. आत्यांची गाय त्या अंतरात उभी होती.

आणि उपाय माझ्या तोंडात नऊ वर्षं होता. शेडमध्ये कुणी दशांशात बोलतच नाही. "दोन पॉइंटनी पडली," म्हणतात. "एक पॉइंट चढली." आमची भाषा पूर्णांकांची. अण्णांनी मला तसंच मोजायला शिकवलं होतं आणि मी मात्र शहाणपणा शिकून आल्यासारखी त्या आकड्यांत टिंबं घालून बसले होते. मी सगळी टिंबं काढली. फॅट 33, एसएनएफ 83. लिटरऐवजी मिलिलिटर. रुपयांऐवजी पैसे.

```python
def rakkam(ml, dar):
    return (ml * dar + 500) // 1000
```

दोन पॉइंट फॅटचे, दोन एसएनएफचे, चार तिसा एकशेवीस पैसे वजा. भाव 3280 पैसे. 4500 मिलिलिटर. 147 रुपये 60 पैसे. ओळीतला तो 500 म्हणजे अर्ध्या पैशाचा मान. भागाकार खालचा तुकडा कापून टाकतो, म्हणून कापायच्या आधी अर्धा पैसा मिळवायचा. अर्धा किंवा त्याहून जास्त उरत असेल तर पूर्ण पैसा सभासदाच्या पदरात पडतो. 4.35 लिटर, भाव 33.70, गुणाकार 146.595, बिलात 146.60. हाताने करताना आम्ही हेच करायचो आणि त्याला काही नाव नव्हतं.

आत्यांना लिहिता-वाचता येत नाही, पण त्यांचा हिशेब असतो. त्यांच्या गोठ्याच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा असतात: लिटरला पूर्ण रेघ, अर्ध्याला अर्धी, सकाळच्या वर, संध्याकाळच्या खाली. दहा दिवसांनी छापील बिल हातात आल्यावर त्या मला गोठ्यात घेऊन गेल्या. गाय कडबा चावत होती, वासरू दोरी ताणून उभं होतं, छपराच्या फटीतून आलेला उजेडाचा एक पट्टा नेमका त्या रेघांवर पडला होता. मी बिलातले लिटर वाचत गेले आणि त्या एकेका रेघेवर बोट ठेवत गेल्या. शेवटच्या रेघेवर बोट थांबलं. माझाही आकडा संपला होता.

"जमलं," त्या म्हणाल्या, आणि गाईकडे वळल्या.

कुठल्याही अभ्यासक्रमाच्या शेवटी मला असं कुणी म्हणालं नव्हतं.

पहिल्या बिलात नऊ जणांचे आकडे वहीशी जुळले नव्हते. सात चुका प्रोग्रॅमच्या होत्या, दोन माझ्या, वहीतल्या. त्या दोन चुका सापडल्या तेव्हा कागदाबद्दलचं माझं प्रेम कमी झालं नाही. उलट अण्णांची एक शिकवण जास्तच उजळली. कीर्दीत चूक झाली तर खोडरबर नाही, गिरवणं नाही, पांढरा रंग नाही. चुकलेल्या आकड्यावर एकच सरळ रेघ, अशी की खालचा आकडा वाचता यावा, बाजूला खरा आकडा, खाली सही. "चूक दिसली पाहिजे," ते म्हणायचे, "म्हणजे माणसं विश्वास ठेवतात." मी प्रोग्रॅममध्ये दुरुस्तीसाठी `durusti` नावाचा वेगळा तक्ता केला. मूळ नोंद कधीच बदलत नाही. जुना आकडा, नवा आकडा, कारण, कुणी केली, कधी. आणि बिलावर ती दुरुस्ती एका ओळीत छापून येते. तेव्हा मला माहीत नव्हतं की सॉफ्टवेअरवाल्यांकडे याची चर्चा असते, त्याला त्यांचे शब्द आहेत. माझ्यापाशी फक्त बाहीवरच्या चांदण्या होत्या आणि एक सरळ रेघ.

एक अडचण मीच घातलेल्या पहाऱ्याने आणली. एकाच सभासदाचं एकाच वेळचं दूध चुकून दोनदा नोंदलं जाऊ नये म्हणून मी डेटाबेसला बजावलं होतं: सभासद, तारीख आणि वेळ, हे तीन एकत्र पुन्हा येऊ द्यायचे नाहीत. मग एका सकाळी एका सभासदाने दोन किटल्या आणल्या, एक गाईची, एक म्हशीची, आणि दुसरी किटली दारातच अडली: `UNIQUE constraint failed`. दुधाचा प्रकार त्या पहाऱ्यात चौथा म्हणून घालावा लागला. पाच मिनिटांचं काम. पण ते सुचायला दुसरी किटली समोर यावी लागते, आणि शिकवणीच्या दुकानात ती कधी येत नाही.

मग फेब्रुवारीत मावसबहिणीच्या लग्नाला मी दोन दिवस गेले. नेमके ते बिलाचे दिवस. शेडवरच्या मदतनीस पोराला मी जाताना फक्त एवढं सांगितलं की तीन नंबरचं बटण दाब. त्या फेब्रुवारीचं शेवटचं बिल आठ दिवसांचं होतं. ते मी धरलं होतं की नाही या धाकधुकीत मी मांडवात बसले होते, अक्षता हातात, मन शेडमध्ये. संध्याकाळच्या वेळी वीज गेली असं नंतर कळलं. लॅपटॉपची बॅटरी मेलेलीच, तो तिथेच मिटला. वीज आल्यावर पोराने पुन्हा चालू केला तर आधीच्या सगळ्या नोंदी जागच्या जागी होत्या, फक्त बोटाखालची एक गेली होती. प्रत्येक नोंद स्वतंत्र पक्की करायची, एकगठ्ठा नाही, हे मी कधीच्या काळी ठरवलं होतं त्याचं ते फळ. रात्री फोन आला. "ताई, बिलं निघाली. वाटली पण." हळदीच्या वासाने भरलेल्या त्या खोलीत मी फोन कानाला लावून कितीतरी वेळ उभी होते.

काम माझ्यावाचून चाललं होतं. त्या दिवशी ते पुरं झालं.

पलंगावरच्या प्रमाणपत्रांकडे पाहताना त्या दुपारी मला ही हळद आठवली. मी सतराही कागद गोळा करून पेटीत ठेवले, आणि अर्जाचं पान कोरं करून वरच्या टोकाला, जिथे आजवर अभ्यासक्रमांची रांग उभी होती, तिथे लिहिलं:

दूध संकलन आणि बिल. एका गावातल्या 212 सभासदांच्या दूध संस्थेसाठी. चौदा महिने, रोज दोन वेळा वापरात. माझ्याशिवाय दुसरी व्यक्तीही चालवते. दर दहा दिवसांची बिलं हाताने करायला दीड दिवस लागायचा, आता चाळीस मिनिटं. पायथन आणि एसक्यूएलाइट.

खाली संस्थेतली नऊ वर्षं, आता नेहमीच्या अक्षरात. त्याखाली बी.कॉम., आणि एक ओळ: प्रोग्रॅमिंग स्वतः शिकले. बस. पान अर्धं रिकामं राहिलं. आधी मला त्या रिकाम्या जागेची लाज वाटली, जेवायला बोलावून पान नीट वाढलं नाही अशी. मग सवय झाली. सतरा नावांच्या गर्दीत ज्या नऊ वर्षांना मी कोपऱ्यात बसवलं होतं ती या मोकळ्या पानावर ऐसपैस बसली होती. पहिल्या ओळीतला प्रोग्रॅम त्यांच्यातूनच निघाला होता, आणि वाचणाऱ्याला ते कुणी सांगावं लागणार नव्हतं.

पण शेडमध्ये पुरं झालेलं परक्याच्या टेबलावर पुरं असेलच असं नाही, हे मला भाच्याच्या संगणकावर कळलं. मी त्याला फक्त पत्ता दिला, एक शब्दही न सांगता शेजारी बसले, आणि त्याने चालवायला घेतलं. चाललंच नाही. प्रोग्रॅम माझ्या लॅपटॉपवरच्या माझ्या फोल्डरचा पूर्ण रस्ता पाठ करून बसला होता. दुसऱ्या घरात तो रस्ता कुठून असणार? ते दुरुस्त केलं. मग सभासदांचे आकडे. आत्यांचं दूध, कुणाची पेंडीची उचल, कुणाचं कर्ज, हे मी परक्यांना कसं दाखवणार? म्हणून बारा खोटे सभासद केले, पण त्यांच्यात खऱ्या अडचणी पेरल्या: एकाची फॅट 3.3, एकाकडे गाय आणि म्हैस दोन्ही, एकाची दुरुस्ती, एकाचं फेब्रुवारीतलं बिल. `python demo.py` एवढंच टाकायचं आणि दहा दिवस डोळ्यांसमोरून जातात. भाच्याने दुसऱ्यांदा चालवलं तेव्हा मी खोलीबाहेर जाऊन उभी राहिले, आणि आतून बिलाचा कागद छापल्याचा आवाज आला.

`README` लिहायला तीन रात्री लागल्या, प्रोग्रॅममधल्या कुठल्याही भागापेक्षा जास्त. पहिल्या मसुद्यात मी सुरुवातीलाच वापरलेल्या साधनांची नावं लिहिली होती. वाचताना लक्षात आलं, ही पुन्हा प्रमाणपत्रंच. मग सुरुवात शेडपासून केली: पहाटे किती माणसं, किती आकडे, बिल म्हणजे काय. मग टिंबं का काढली. मग चूक का खोडत नाही. आणि शेवटी, बराच वेळ बोटं कळफलकावर नुसती ठेवून, एक मथळा: यात काय नाही. फॅट मशीन याला जोडलेलं नाही, आकडे हाताने टाकावे लागतात. एकाच संगणकावर चालतं. पासवर्ड नाही, ज्याच्या हाती लॅपटॉप, त्याच्या हाती हिशेब. भावाचा तक्ता बदलला की तो हाताने भरावा लागतो. एकेक ओळ लिहिताना दाताखाली खडा यावा तसं व्हायचं, पण बांध कुठे संपतो हे सांगितलं नाही तर शेत केवढं आहे हे तरी कसं कळणार?

सगळी दारं त्या नव्या पानाने उघडली नाहीत. एका ठिकाणी पदवीचा रकाना भरल्यावर पुढचं पानच उघडलं नाही. त्या दाराशी प्रोग्रॅमही उपयोगाचा नव्हता आणि प्रमाणपत्रंही. पण नवं पान पाठवलेल्या नऊ जागांपैकी तिघांनी बोलावलं. त्यातली एक पुण्यातली लहानशी कंपनी, तिसऱ्या मजल्यावर, खिडकीबाहेर पिंपळ.

समोर एक बाई होत्या आणि एक तरुण. बाईंनी माझं पान उलटं ठेवलं आणि त्या म्हणाल्या, "चालवून दाखवा." मी चालवलं. खोटा सभासद, खरी फॅट. पडद्यावर बिल उमटलं. तरुणाने माझ्या नोंदींचा इतिहास उघडला, `git log --oneline`, आणि खाली खाली जात एका ओळीवर थांबला. मी त्या रात्री घाईत लिहिलेली ओळ होती ती: `KeyError 3.3, sattechalis number`.

"हे काय आहे?"

मी सांगितलं. पाऊस, कोवळं गवत, गुणाकार, केसाएवढं अंतर. तो पुढे वाकून ऐकत होता. मग त्याने विचारलं, "आणि हा 500 कशासाठी?" अर्ध्या पैशासाठी, मी म्हणाले. पुढे त्या दोघांनी विचारलेलं सगळंच मला येत होतं असं नाही. एकाच वेळी दोन शेडमधून नोंदी आल्या तर काय, असं त्या बाईंनी विचारलं, आणि मी म्हणाले की ते यात नाही, `README` मध्ये तसं लिहिलंय; पण मग आम्ही तिघांनी मिळून फळ्यावर ते मांडून पाहिलं, आणि पाऊण तास कुठे गेला कळलं नाही. मी परीक्षा देत नव्हते. मला माझ्या शेडबद्दल विचारत होते, आणि शेडबद्दल मला जेवढं ठाऊक होतं तेवढं त्या खोलीत कुणालाच नव्हतं.

उठताना बाईंनी विचारलं, "हे बरोबर चालतंय हे तुम्ही तपासलं कसं?"

मी दोन बिलं कागदाशी ताडून पाहिल्याचं सांगितलं. नऊ फरक सांगितले, त्यातले माझे दोनही. आणि मग, सांगावं की नाही अशा घोटाळ्यात, गोठ्याची भिंत सांगितली. कोळशाच्या रेघा, वरच्या सकाळच्या, खालच्या संध्याकाळच्या. आत्यांचं बोट. खिडकीबाहेर पिंपळाची पानं वाऱ्याशिवायच हलत होती. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी माझं उलटं ठेवलेलं पान सरळ केलं, आणि खालची नऊ वर्षांची ओळ वाचली.

आता मी पुण्यात एका खोलीत राहते. पहाटे साडेपाचला जाग येते, यायचीच. अंधारात क्षणभर किटल्यांची कडी वाजल्यासारखी वाटते, मग जिन्यात दूधवाल्याची पावलं. दाराच्या कडीला पिशवी अडकवून तो जातो. ती मी आत घेते. गार, निसरडी, कुणाच्या गाईची ते न सांगणारी. चहाचं आधण ठेवून ती दिव्याखाली धरते आणि तिच्यावरची बारीक छपाई वाचते. टोन्ड दूध, फॅट 3.0, एसएनएफ 8.5.

फॅट पाच पॉइंटनी कमी. पाच तिसा दीडशे पैसे वजा.

बत्तीस रुपये पन्नास पैसे.